अट घालायची, पण कसली?

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी एका मनाई हुकुमाच्या अर्जाला विरोध करत होतो. हुकूम मागणाऱ्याकडे त्याच व्यवहारातले माझ्या अशिलाचे पैसे अडकले होते. मी मोठ्या आवेशात म्हणालो, "जो समन्याय मागतो, त्याने स्वतःही समन्याय केला पाहिजे." न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मान्य. मग मी काय अट घालू? किती रक्कम, कुठल्या तारखेपर्यंत, आणि नाही भरली तर पुढे काय?" माझ्याकडे तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नव्हते. सूत्र म्हटले की काम झाले, अशी माझी समजूत होती. अर्ज विनाअट मंजूर झाला आणि अशिलाने जिना उतरताना माझ्याकडे पाहिलेही नाही.

त्या तीन प्रश्नांमुळे मला पुढे या विषयाची गोडी लागली. समन्यायाच्या, म्हणजे कायद्याच्या नुसत्या शब्दांवर न थांबता न्यायबुद्धीने दाद देण्याच्या, सूत्रांबद्दल दोन टोकाची मते सतत ऐकू येतात. काहींना ती न्यायाधीशाच्या सद्सद्विवेकबुद्धीची गंगोत्री वाटतात, तर काहींना मनाला येईल तसा निकाल द्यायचा परवाना. माझे मत असे, की निदान या एका सूत्रापुरती दोन्ही माणसे चुकतात. हे सूत्र न्यायाधीशाला माणसाचे चारित्र्य तपासायला सांगत नाही. ते हिशेब तपासायला सांगते. आणि हिशेब म्हटला की कुठली बाब वहीत येते आणि कुठली नाही, याचे नियम आलेच.

थोडी पार्श्वभूमी सांगून पुढे जातो. इंग्लंडमध्ये जुन्या कायदा-न्यायालयांत जिथे दाद मिळत नसे, तिथे लोक राजाच्या चॅन्सलर या मुख्य अधिकाऱ्याकडे जात. तो समन्यायाने हुकूम देई: अमुक करू नकोस, तमुक परत कर, हा करार रद्द. कायद्याने मिळणारी नुकसानभरपाई हा हक्क होता. हे हुकूम विवेकाधीन होते. पुढे १८७३ आणि १८७५ च्या न्यायव्यवस्थाविषयक कायद्यांनी दोन्ही दरबार एक झाले, पण समन्यायाची दाद विवेकाधीन राहिली ती आजही आहे. हा विवेक कसा वापरायचा याची जी ठरीव वाक्ये रूढ झाली, तीच ही सूत्रे.

त्यातली दोन नेहमी एकमेकांत मिसळली जातात. एक, "स्वच्छ हातांनी यावे." दुसरे, "समन्याय मागणाऱ्याने समन्याय करावा." पहिले मागे पाहते: तू काय केलेस? दुसरे पुढे पाहते: हुकूम मिळाल्यावर तू काय देणार आहेस? पहिल्याचा परिणाम बहुधा एकच, दार बंद. दुसऱ्याचा परिणाम अर्धे उघडे दार: आत ये, पण आधी हे खाली ठेव. मला दुसरे जास्त कामाचे वाटते, आणि न्यायालये पहिल्याचा आधार गरजेपेक्षा लवकर घेतात असेही वाटते. पण ते मागाहून.

दुसऱ्या सूत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवणारी तीन प्रकरणे एकापाठोपाठ वाचावीत. तिन्ही सावकारीची आहेत. पहिले १९०७ चे, लॉज विरुद्ध नॅशनल युनियन इन्व्हेस्टमेंट कंपनी. इंग्लंडमध्ये १९०० च्या कायद्याने सावकाराला नोंदणी सक्तीची झाली होती. लॉजने ज्यांच्याकडून कर्ज घेतले, त्यांची नोंदणी नव्हती. व्यवहार बेकायदेशीर, म्हणून रद्दबातल. लॉजने कर्जापोटी तारण म्हणून आपली कागदपत्रे ठेवली होती. तो न्यायालयात म्हणाला, व्यवहारच रद्द आहे, तर माझे तारण परत द्या.

कायद्याच्या अंगाने त्याचे म्हणणे बिनचूक होते. पण घेतलेले पैसे त्याच्याच खिशात होते, आणि ते परत करण्याबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता. न्यायमूर्ती पार्कर यांनी त्याला तारण परत मिळेल असे सांगितले, मात्र आधी कर्जाची शिल्लक मुद्दल भरून. सावकाराने स्वतः दावा लावला असता तर त्याला एक पेनीही मिळाली नसती. पण इथे दाद मागायला कर्जदार आला होता, आणि तारण परत करण्याचा हुकूम ही समन्यायाची दाद होती. म्हणून अट.

ऐकायला हे छान वाटते. पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही वाटले, हाच तो न्याय. मग दुसरे प्रकरण वाचले.

चॅपमन विरुद्ध मायकेलसन. वरिष्ठ न्यायालयाचा निकाल १९०९ चा, म्हणजे लॉजनंतर अवघ्या दोन वर्षांचा. पुन्हा नोंदणी नसलेला सावकार, पुन्हा तारण. फरक मागणीत होता. इथे "कागद परत द्या" असे मागितले नाही. "हे गहाण रद्दबातल आहे असे फक्त जाहीर करा," एवढेच मागितले. न्यायालय म्हणाले, असे नुसते जाहीर करणे ही समन्यायाची दाद नव्हे, त्यामुळे सूत्र लागू नाही आणि अटही नाही. निकाल वादीच्या बाजूने, विनाअट.

म्हणजे तोच कायदा, त्याच प्रकारचा व्यवहार, आणि एकाला मुद्दल भरावे लागले, दुसऱ्याला नाही. कारण दोघांच्या वकिलांनी मागणीचे कलम वेगवेगळ्या शब्दांत लिहिले. तंत्राच्या दृष्टीने निकाल बरोबर आहे. तरी मला तो कायम खटकत आला आहे. ज्या नियमापासून मसुद्यातल्या एका क्रियापदाने सुटका होते, तो नियम काहीतरी चुकीची गोष्ट मोजतो आहे.

नेमकी कुठली, ते तिसऱ्या प्रकरणात कळते. कासुमू विरुद्ध बाबा-एग्बे. मूळ खटला नायजेरियातला, निकाल वसाहतींतली अंतिम अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, साल १९५६. तिथल्या सावकारी अध्यादेशाने सावकाराला ठरलेल्या पद्धतीने वही ठेवणे बंधनकारक केले होते. ती ठेवली नाही तर त्या व्यवहारातला कुठलाही दावा त्याला बजावता येणार नव्हता. इथल्या सावकाराने वही नीट ठेवलेली नव्हती. कर्जदाराने गहाणखते रद्द करून कागद परत मागितले. लॉजसारखीच मागणी, निखळ समन्यायाची. सावकाराच्या बाजूने लॉजचाच निकाल पुढे करण्यात आला: मुद्दल भरू दे, मग कागद देतो.

लॉर्ड रॅडक्लिफ यांनी ते नाकारले. त्यांचा मुद्दा साधा होता. कायदेमंडळ म्हणते की या सावकाराला वसुली करता येणार नाही. न्यायालय कर्जदाराला म्हणाले की पैसे भरल्याशिवाय कागद मिळणार नाहीत, तर ती वसुलीच झाली, फक्त मागच्या दाराने. कायद्याने जे नाकारले ते समन्यायाच्या नावाखाली देता येत नाही. लॉजचा निकाल त्यांनी मोडीत काढला नाही, पण सावकारीच्या सगळ्या प्रकरणांना लावता येईल असे व्यापक तत्त्व त्यातून निघत नाही, हे स्पष्ट केले.

सावकाराचे पैसे बुडाले. कर्जदाराला पैसेही मिळाले आणि कागदही. ऐन दुपारी चहा पिताना कुणाला हे सांगितले तर तो म्हणेल, हा कसला न्याय? मला मात्र तिघांतला हाच निकाल सर्वांत पक्का वाटतो. वही ठेवण्याची सक्ती कर्जदाराच्या संरक्षणासाठी आहे. वही नसेल तर व्याज किती लावले, किती परत आले, हे फक्त सावकार सांगेल ते. वही न ठेवूनही शेवटी मुद्दल सुखरूप परत मिळणार असेल, तर ती कोण ठेवील? शिक्षा पैसे बुडण्याचीच हवी होती, आणि ती कायदेमंडळाने विचार करूनच ठेवली होती. न्यायाधीशाला ती कडक वाटली म्हणून अटीच्या रूपाने सौम्य करणे हे त्याचे काम नाही.

म्हणजे विचारायचा प्रश्न मागणीच्या शब्दांचा नाही. मी घालतो आहे ती अट कायद्याचा हेतू हाणून पाडते का, हा आहे. चॅपमनमध्येही हाच प्रश्न विचारला असता तर निकाल कदाचित तोच लागला असता, पण योग्य कारणासाठी.

आता सूत्राच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. कायदा आड येत नाही असे समजू. तरी अट कसली घालायची? प्रतिवादीने वादीवर दहा वर्षांपूर्वीचा उपकार केला असेल, तर त्याची फेड अटीत घालता येईल का? वादीकडे प्रतिवादीची दुसऱ्याच करारातली थकबाकी असेल, तर ती? १८४४ साली हॅन्सन विरुद्ध कीटिंग या खटल्यात समन्याय-न्यायालयाचे न्यायाधीश, व्हाइस-चॅन्सलर विग्रम यांनी याचे जे उत्तर दिले, ते मला अजून कुणी सुधारलेले दिसले नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: सूत्र फक्त प्रश्न उभा करते, उत्तर देत नाही. वादीला दाद देताना त्याच विषयवस्तूबाबत प्रतिवादीचे जे हक्क असतील, ते वादीने मान्य करावेत एवढेच सूत्र सांगते. ते हक्क आहेत की नाहीत आणि किती आहेत, हे बाहेरून, कायद्याच्या काटेकोर नियमांनी ठरवायचे. न्यायालयाच्या मर्जीने नाही.

या दोन-तीन वाक्यांत माझ्या त्या जुन्या फजितीचे सगळे उत्तर आहे. न्यायाधीशांनी माझ्या सूत्राला हरकत घेतलीच नव्हती. ते विचारत होते, तुझ्या अशिलाचा या विषयातला हक्क कुठल्या नियमाखाली येतो, आणि तो किती रुपयांचा? मी त्यांना प्रश्नच परत वाचून दाखवत होतो.

हिशेब प्रत्यक्षात कसा मांडला जातो, याचे चांगले उदाहरण गिल्बर्ट ओ'सलिव्हन या गायक-गीतकाराच्या खटल्यात आहे. १९७० साली तो तरुण आणि अनोळखी होता. एका नामांकित व्यवस्थापकाने त्याला हाताशी धरले आणि आपल्या संबंधित कंपन्यांशी त्याचे करार करून घेतले: व्यवस्थापनाचा, ध्वनिमुद्रणाचा, गीतांच्या हक्कांचा. स्वतंत्र वकिलाचा सल्ला त्याला कुणी दिला नाही, आणि व्यवस्थापकावर त्याचा पूर्ण विश्वास होता. करार त्याच्या दृष्टीने फार वाईट होते. पुढे तो खूप गाजला. कालांतराने तो न्यायालयात गेला आणि अवाजवी दबावाच्या मुद्द्यावर करार रद्द करून मागितले.

प्रतिवादी म्हणाले, करार रद्द करायचे तर दोन्ही पक्ष पूर्वस्थितीत यायला हवेत. इतकी वर्षे काम झाले, तबकड्या विकल्या गेल्या, पैसे वाटले गेले. ती वर्षे परत कशी आणणार? जुन्या कडक नियमाप्रमाणे या युक्तिवादात दम होता. अपील न्यायालयाने तो मानला नाही. पूर्वस्थिती तंतोतंत आणता येत नसेल तर व्यवहारात जितका न्याय साधता येईल तितका साधावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. करार रद्द झाले, गीतांचे हक्क आणि मूळ ध्वनिफिती गायकाकडे आल्या, आणि प्रतिवादींना मिळवलेल्या नफ्याचा हिशेब द्यावा लागला.

पण हिशेबात एक वजावट होती. त्या लोकांनी कौशल्याने मेहनत केली होती, आणि त्या मेहनतीशिवाय यश आले असते असे म्हणता येत नव्हते. म्हणून त्यांना कामाचा वाजवी मोबदला राखू दिला गेला, त्यात नफ्याचा काही अंशही धरून. मात्र करार सरळ मार्गाने झाला असता तर जितका नफा मिळाला असता, तितका नाही. गैरवर्तनाची किंमत तिथे वसूल झाली.

या वजावटीकडे जरा जवळून पाहा. विश्वासाचा गैरफायदा घेणाऱ्या माणसालाही ती मिळाली. न्यायालयाने त्याचे हात स्वच्छ आहेत का, हे पाहून पाटी पुसली नाही. गायक समन्याय मागत होता, म्हणून ज्या श्रमाचा लाभ त्याने घेतला आणि पुढेही घेणार होता, त्याची किंमत त्याच्या बाजूला टाकली गेली. वजावटीतली प्रत्येक बाब त्याच व्यवहारातून निघालेली होती. व्यवस्थापक माणूस म्हणून कसा होता, हा रकाना त्या वहीत नव्हताच.

याच्या शेजारी टिन्स्ली विरुद्ध मिलिगन ठेवा, म्हणजे स्वच्छ हातांच्या सूत्राची अडचण कळते. दोन महिलांनी मिळून घर घेतले, पण ते एकटीच्या, टिन्स्लीच्या, नावावर केले. कारण दुसरीला, मिलिगनला, आपले घर नाही असे दाखवून सरकारी मदत घ्यायची होती. खोटेपणात दोघी सामील होत्या. पुढे मिलिगनने मदत देणाऱ्या खात्याकडे कबुली दिली, दोघींचे बिनसले, आणि टिन्स्ली म्हणाली, घर माझ्या नावावर आहे, बाहेर हो. मिलिगनने आपला हिस्सा मागितला. १९९३ मध्ये तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या लॉर्डांच्या सभागृहात तिघे विरुद्ध दोघे असा निकाल लागला. अल्पमतातले लॉर्ड गॉफ म्हणाले, हात अस्वच्छ आहेत, दाद नाही. बहुमताने तिला हिस्सा दिला, कारण आपली बाजू मांडताना तिला स्वतःच्या खोटेपणाचा आधार घ्यावा लागत नव्हता. तिने पैसे घातले एवढे सांगणे पुरेसे होते.

गॉफ यांचे उत्तर स्वीकारले असते तर काय झाले असते? दोघी सारख्याच दोषी, आणि पूर्ण घर जिचे नाव कागदावर होते तिला. सरकारला त्यातून छदामही नाही. स्वच्छ हातांच्या नावाखाली दुसऱ्या अस्वच्छ हातांना बक्षीस. बहुमताचा निकाल मला पटतो, त्यांचे कारण पटत नाही. ते पुन्हा चॅपमनसारखेच आहे: बाजू कशी मांडली यावर सगळे अवलंबून. २०१६ मध्ये पटेल विरुद्ध मिर्झा या निकालात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी बाजूला ठेवली. ज्या नियमाचा भंग झाला त्याचा हेतू काय, दाद नाकारल्याने दुसरे एखादे सार्वजनिक धोरण बिघडते का, आणि नकार चुकीच्या प्रमाणात आहे का, हे पाहा असे सांगितले. रॅडक्लिफ यांनी त्याच्या साठ वर्षे आधी सावकाराच्या वहीबद्दल विचारलेला प्रश्नच यात पहिला आहे.

स्वच्छ हातांचे सूत्र टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. १७८७ सालापासून त्यालाही वेसण आहे: वादीचे गैरवर्तन मागितलेल्या दादेशी थेट आणि अटळपणे जोडलेले असले पाहिजे, नुसता वाईट माणूस असून चालत नाही. पण वापरायला ते फार सोपे आहे. दार बंद करायला एक वाक्य पुरते. अट घालायला आकडे काढावे लागतात, पुरावा पाहावा लागतो, मुदत ठरवावी लागते. कामाच्या रेट्यात कुठले जवळचे वाटेल ते उघड आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. लोक म्हणतात, विवेकाधिकारच काढून टाका. दाद केव्हा आणि कुठल्या अटीवर द्यायची ते कायद्यात लिहा, म्हणजे व्यवहार करणाऱ्याला आधीच कळेल. सतराव्या शतकात जॉन सेल्डन यांनी समन्यायाला चॅन्सलरच्या पावलाचे माप म्हटले होते. प्रत्येक चॅन्सलरचे पाऊल वेगळे, म्हणून फूटही वेगळा. त्यात तथ्य होते. पण ओ'सलिव्हनची वजावट कुठल्या कलमात आधी लिहिता आली असती? टक्केवारी ठरवली असती तर प्रामाणिक आणि लबाड व्यवस्थापकाला सारखीच मिळाली असती. दुसरीकडे, जिथे कायदेमंडळाने खरोखर लिहून ठेवले होते, म्हणजे कासुमूमध्ये, तिथे न्यायालयाने मान तुकवली. मग पावलाचे माप उरते कुठे? मला वाटते ते उरते ते, जिथे न्यायाधीश अट घालतो पण ती कुठल्या हक्कावर उभी आहे हे निकालपत्रात लिहीत नाही. त्यावर इलाज विवेकाधिकार काढणे हा नाही. कारण लिहायला भाग पाडणे हा आहे, कारण लिहिले की अपिलात ते तपासता येते.

माझ्या बाजूचेही एक प्रकरण मला अजून टोचते. चॅपेल विरुद्ध टाइम्स न्यूजपेपर्स, १९७५. छापखान्याच्या कामगार संघटनेचा वृत्तपत्र-मालकांशी तंटा चालू होता. मालकांनी संघटनेच्या सगळ्या सदस्यांना कामावरून कमी करण्याची धमकी दिली. त्यातल्या सहा जणांनी मनाई हुकूम मागितला: आम्ही अजून कामात कुठलाही अडथळा आणलेला नाही, आम्हाला काढू नका. न्यायालयाने विचारले, पुढेही आणणार नाही अशी हमी देता का? ते देईनात. लॉर्ड डेनिंग यांच्या खंडपीठाने हुकूम नाकारला. समन्याय मागायचा तर कराराची आपली बाजू पुढे पाळायची तयारी हवी.

नियमाप्रमाणे अट चोख आहे. ती त्याच करारातून निघते, त्याच विषयाची आहे, कायदा आड येत नाही. विग्रम यांनीही मान डोलावली असती. तरी त्या सहा जणांना ती हमी देणे म्हणजे आपल्याच सोबत्यांकडे पाठ फिरवणे होते, आणि त्यांचा स्वतःचा दोष तोवर शून्य होता. हिशेब जुळतो, पण एका बाजूला ती अट पाळणे जवळजवळ अशक्य असेल, तर अट आणि नकार यांत फरक काय राहिला? याला कसोटीत कुठे बसवायचे, ते मला अजून समाधानकारकपणे मांडता आलेले नाही.

माझ्यापुरते एक मात्र बदलले. आता मी वादीकडून उभा असलो तर दाव्यातच एक परिच्छेद घालतो: अशील अमुक रक्कम अमुक दिवसांत न्यायालयात भरायला तयार आहे, तिचा हिशेब सोबत जोडला आहे, आणि भरली नाही तर हुकूम आपोआप रद्द व्हावा. प्रतिवादीकडून असलो तर तेच तीन आकडे जबाबात देतो. सूत्राचा उल्लेख करतो तो त्याच्या खाली, एका ओळीत.